चुकलेल्या समीकरणाचा बिनचूक ताळा

गठ्ठा हातात पडला ना? अभिनंदन. साठ उत्तरपत्रिका, प्रत्येकीत दोन शाब्दिक उदाहरणे, एक वयाचे आणि एक काळ-कामाचे, आणि परवा पहिल्या तासाच्या आत गुण ऑफिसात. शाळेत नव्याने लागलेल्या गणिताच्या माणसाला याहून चांगला आहेर कोणी करत नाही. घाबरू नका. मी एकतीस वर्षे असले गठ्ठे तपासले आणि त्यातल्या पहिल्या अकरा वर्षांत खरी चूक मला एकदाही सापडली नाही. ही विद्या मिळवायला लोकांना आयुष्य घालवावे लागते. तुम्हाला एका बैठकीत देतो.

बाकीच्या चुका सोप्या असतात. सात आठे चौपन्न लिहिणारा पोरगा लांबूनही दिसतो. आपल्याला हाताळायचा आहे तो दुसरा प्रकार: आकडेमोड सोवळ्यातली, एकेक पायरी देवघरातल्या भांड्यासारखी घासलेली, आणि समीकरण मात्र पहिल्याच ओळीत फसलेले. असे उत्तर अशा रीतीने तपासायचे, की चूक कुठे आहे हे शेवटपर्यंत ना पोराला कळावे ना तुम्हाला. तेवढे साधले की तुम्ही तयार झालात.

सरावासाठी आपल्या गठ्ठ्यातलीच दोन उदाहरणे घेऊ. पहिले वयाचे. वडिलांचे आजचे वय मुलाच्या आजच्या वयाच्या तिप्पट आहे. १२ वर्षांनी ते मुलाच्या त्या वेळच्या वयाच्या दुप्पट होईल. तर दोघांची आजची वये काढा. दुसरे भिंतीचे आहे, त्याकडे नंतर वळू. भिंत कुठे पळून जात नाही.

१. प्रश्नपत्रिका नजरेआड करा.

ही पहिली आणि सर्वात मोलाची पायरी. प्रश्न समोर असला की माणूस तो वाचतो, आणि वाचला की घात झाला. तुमच्याजवळ फक्त उत्तरांचा कागद ठेवा. त्यावर लिहिलेले असेल: मुलगा १२, वडील ३६. बस्स. प्रश्नात नेमके काय म्हटले होते हे तुम्हाला पाठ आहे, अशी मनाची समजूत घाला. मुलांनीही तशीच घातलेली असते, त्यामुळे दोन्हीकडे मेळ राहतो.

२. चूक खालून वर शोधत जा.

आता पहिली उत्तरपत्रिका उघडा. अक्षर सुरेख, समास आखलेला, आणि मजकूर असा:

```
समजा, मुलाचे आजचे वय = x
वडिलांचे आजचे वय = ३x
३x = २(x + १२)
३x = २x + २४
x = २४
मुलगा २४ वर्षे, वडील ७२ वर्षे
ताळा: डावी बाजू = ३ × २४ = ७२
      उजवी बाजू = २ × ३६ = ७२
```

उत्तर जुळत नाही. तुमच्या कागदावर १२ आणि ३६, पोराच्या कागदावर २४ आणि ७२. आता लाल पेन उघडून खालून सुरुवात करा. २४ त्रिक ७२, बरोबर. कंस सोडवला, बरोबर. २x डावीकडे नेताना चिन्ह बदलले का? बदलले. पुन्हा एकदा बघा. तिसऱ्यांदा बघा. चहा मागवा. तिसऱ्या ओळीपर्यंत पोहोचलात तरी तिथे रेंगाळू नका. ते समीकरण आहे, छापल्यासारखे दिसते, आणि छापल्यासारख्या गोष्टीवर शंका घेणे आपल्या रक्तात नाही.

दहा मिनिटांत काही सापडले नाही तर खिन्न होऊ नका. सापडण्यासारखे तिथे काही नव्हतेच. शेवटी ७२ या आकड्याभोवती एक मोठे लाल वर्तुळ काढा आणि बाजूला लिहा: «आकडेमोड नीट तपासा». पोरगा घरी जाऊन ती तीन वेळा तपासेल. तिन्ही वेळा २४च येईल. आपल्या शेऱ्यावर एवढा गाढ विश्वास ठेवणारा माणूस तुम्हाला पुन्हा भेटणार नाही.

३. ताळ्यावर पूर्ण श्रद्धा ठेवा.

ताळा म्हणजे पोराने स्वतःच्या समीकरणात स्वतःचे उत्तर घालून काढलेला निकाल. ज्या समीकरणातून २४ बाहेर आले त्याच समीकरणात २४ परत घातले, तर दोन्ही बाजू सारख्या येणारच. खतावर सही करणाऱ्यानेच खाली साक्षीदार म्हणूनही सही करावी, तसा हा प्रकार. वाटेत आकडेमोड घसरली नाही एवढीच त्या ताळ्याची ग्वाही असते. समीकरण कुठून आले, का आले, याबद्दल तो बिचारा एक अक्षर बोलत नाही.

तुम्ही मात्र ‘ताळा जुळला’ हे शब्द दिसताच मान तुकवा. आम्ही शिक्षकच वर्षभर बजावत असतो, की ताळा करा, ताळा करा. कुठल्या वाक्याशी करा, हे सांगायचे तेवढे राहून जाते.

४. घरातल्या माणसांना लांब ठेवा.

ही सूचना अनुभवाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बाराव्या वर्षी असाच एक गठ्ठा घेऊन मी ओट्यावर बसलो होतो. हाच २४ आणि ७२ समोर होता आणि मी चौथ्यांदा कंस सोडवत होतो. आई शेजारी तांदूळ निवडत होती. तिचे शिक्षण चौथीपर्यंत. तिने विचारले, "एवढं काय अडलंय रे?" मी म्हटले, "अगं, सगळं बरोबर आहे, पण उत्तर चुकलंय." ती म्हणाली, "गणित तरी वाच."

मी वाचले. तिने सुपातून मान वर केली नाही. "बाप आज किती?" बाहत्तर. "बारा वर्षांनी?" चौऱ्याऐंशी. "पोरगा?" छत्तीस. "छत्तीस दुणे?" बाहत्तर.

"मग मधली बारा वर्षं बाप कुठे गेला होता?"

अकरा वर्षांची माझी तपश्चर्या तिथे संपली. त्या समीकरणाची डावी बाजू आजची होती आणि उजवी बारा वर्षांनंतरची. मुलगा बारा वर्षांनी मोठा झाला, वडील जागच्या जागी राहिले, आणि मध्ये बरोबरचे चिन्ह दोन वेगवेगळ्या सालांना जोडून उभे होते. आईने x मानला नाही, कंस मांडला नाही. तिने उत्तरातली माणसे उचलली, गोष्टीत नेऊन बसवली आणि गोष्ट चालते का ते पाहिले. तिने प्रश्नाच्या वाक्याशी ताळा घेतला होता. मी समीकरणाशी घेत होतो.

तेव्हा गठ्ठा तपासताना आई, आजी, आत्या यांपैकी कोणीही ऐकू येण्याच्या अंतरावर नसावे. तुमची बैठक मोडेल.

५. वयातला फरक कधीही मोजू नका.

बाप आणि लेक यांच्या वयांतला फरक लेक जन्मला त्या दिवशी ठरतो, आणि मग काही केल्या बदलत नाही. वयाच्या उदाहरणातली ही एकमेव गोष्ट आहे जी काळाला दाद देत नाही, म्हणून ती आपल्या धंद्याला फार घातक. आपल्या पोराच्या उत्तरात आजचा फरक ७२ वजा २४, म्हणजे ४८. त्याच्या ताळ्यात मात्र वडील ७२ आणि मुलगा ३६, फरक ३६. बारा वर्षांत फरक बारांनी आटला. हे पाहायला पाच सेकंद लागतात, आणि पाच सेकंदांत संपणारी तपासणी कोण तपासणी म्हणेल?

शिवाय या फरकावरून अख्खे उदाहरणच तोंडी सुटते, हा आणखी एक धोका. आज वडील तिप्पट, म्हणजे फरक मुलाच्या आजच्या वयाच्या दुप्पट. १२ वर्षांनी वडील दुप्पट, म्हणजे तोच फरक मुलाच्या तेव्हाच्या वयाएवढा. याचा अर्थ बारा वर्षांत मुलाचे वय दुप्पट होते, तर तो आज बाराचा. असल्या गोष्टी वर्गात बोलू नका. मुले समीकरण मांडायचे सोडून देतील.

६. उत्तरावरून आजार ओळखण्याचा मोह टाळा.

जुने वैद्य नाडीवरून सांगत, तसे या उदाहरणात चुकलेल्या उत्तरावरून चुकलेले समीकरण सांगता येते. शून्य आले असेल तर पोराने ३x + १२ = २x + १२ लिहिले आहे. दोघांना बारा वर्षांनी वाढवले, पण कंस विसरल्यामुळे दुप्पट फक्त आजच्या वयाची केली. मुलगा शून्य वर्षांचा, वडील शून्य वर्षांचे, दोघे एकाच पाळण्यात. उणे १२ आले असेल तर ३x + १२ = २x. इथे वडील वाढले आणि मुलगा थांबला, म्हणजे आपल्या गृहस्थाच्या बरोबर उलट.

शून्य आणि उणे १२ यांची दया येते, कारण ती उत्तरे स्वतःच ओरडून सांगतात. पोरगाही ती पाहून दचकतो, निदान खोडरबर शोधतो. धोकादायक असतो तो २४. आकडा सभ्य आहे, पूर्णांकात आहे, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मूल झालेला बाप जगात मिळतो, आणि भागाकारही निःशेष जातो. उत्तर गोल आले की समीकरण बरोबर, ही आपल्या विद्यार्थ्यांची गाढ समजूत आहे. ती आम्हीच घातली, कारण आमची सगळी उदाहरणे गोल उत्तराची असतात.

७. भिंतीचा पाव भाग नजरेआड करा.

आता दुसरे उदाहरण. एक गवंडी एक भिंत एकट्याने १२ दिवसांत बांधतो, दुसरा तीच भिंत एकट्याने ६ दिवसांत. पहिल्याने काम सुरू केले आणि ३ दिवसांनी दुसरा त्याला येऊन मिळाला. तर सुरुवातीपासून भिंत किती दिवसांत पुरी झाली? (दोघे गवंडी एकमेकांशी बोलत नाहीत, वाळू वेळेवर येते आणि मालक मध्येच खिडकी हलवत नाही, हे सगळे गृहीत आहे. गणितातल्या गवंड्यांएवढे गुणी गवंडी मला घर बांधताना भेटले नाहीत.)

गठ्ठ्यातले सर्वात देखणे उत्तर असे निघेल:

```
समजा, एकूण दिवस = x
(x − ३)/१२ + x/६ = १
x − ३ + २x = १२
३x = १५
x = ५
ताळा: २/१२ + ५/६ = १/६ + ५/६ = १
```

बघा काय आब आहे. काळ-कामाची मुख्य युक्ती, म्हणजे दिवसांऐवजी एका दिवसाचे काम मोजायचे, ती पोराला येते. छेद समान करता येतात. उत्तर पाच दिवस, अगदी पटण्यासारखे, आणि ताळा टाळी वाजवावी असा. खरे उत्तर मात्र ६.

आता तुम्ही आईची युक्ती इथे वापरायची नाही आहे, तरी वापरली तर काय दिसेल ते सांगून ठेवतो. पाच दिवस लागले असतील तर पहिला गवंडी पाचही दिवस कामावर होता, त्याने ५/१२ भिंत बांधली. दुसरा तीन दिवस उशिरा आला, म्हणजे दोन दिवस राबला, त्याची २/६, म्हणजे ४/१२. दोघांची मिळून ९/१२. पाव भिंत बाकी, आणि पोराने गवंड्यांचा हिशेब चुकता करून त्यांना घरी पाठवलेसुद्धा. सहा दिवसांनी करून पाहिले तर पहिल्याचे ६/१२, दुसऱ्याचे ३/६, अर्धी आणि अर्धी, भिंत पुरी.

चूक एवढीच, की त्याने तीन दिवस चुकीच्या गवंड्याच्या पगारातून कापले. उशिरा आला दुसरा, गैरहजेरी लागली पहिल्याला.

८. समीकरण परत मराठीत वाचू नका.

हे सर्वात कठोर पथ्य. त्या पोराचे (x − ३)/१२ + x/६ = १ मोठ्याने मराठीत वाचले तर काय होते? ‘सहा दिवसांत भिंत बांधणाऱ्याने सुरुवात केली आणि तीन दिवसांनी बारा दिवसवाला येऊन मिळाला.’ या गणिताचे उत्तर खरोखर पाचच आहे. आणि ३x = २(x + १२) हे वाचले तर निघते: ‘वडिलांचे आजचे वय मुलाच्या बारा वर्षांनंतरच्या वयाच्या दुप्पट आहे.’ या गणिताचे उत्तर खरोखर २४ आणि ७२ आहे.

म्हणजे पोराने चुकीचे गणित सोडवले असे नाही. त्याने दुसरे गणित रचले आणि ते अचूक सोडवले. म्हणून त्याची आकडेमोड जुळते, ताळा जुळतो आणि तुमच्या हाती काही लागत नाही. चूक सोडवण्यात नसतेच. ती वाक्यावरून समीकरणाकडे येताना, त्या एका उडीत झालेली असते, आणि तिथे कागदावर एकही पायरी लिहिलेली नसते. परत उडी मारून वाक्याकडे गेले तरच ती दिसते. तुम्ही जाऊ नका. गुडघे दुखतात.

हा आजार आजचा नाही, तेव्हा स्वतःला फार दोष देऊ नका. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५०च्या सुमाराला, चार झऱ्यांनी भरणाऱ्या टाक्याचे उदाहरण आहे. एक झरा ते टाके एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा एक तृतीयांश, चौथा एक षष्ठांश दिवसात. घटकांत सांगायचे तर ६०, ३०, २० आणि १०. सगळे एकदम सोडले तर? दिवसाला एकूण १ + २ + ३ + ६, म्हणजे १२ टाकी भरतात, म्हणून एक टाके दिवसाच्या बाराव्या भागात, ५ घटकांत भरते. आपल्या वर्गातला हुशार मुलगा इथे सरासरी काढेल: १२० भागिले ४, उत्तर ३० घटका. भागाकार निर्दोष. चौथा झरा एकटा ते टाके दहा घटकांत भरतो, आणि तीन सोबती मदतीला आले म्हणून तिप्पट वेळ लागला. काळ-कामात मिळून लागणारा वेळ सर्वात चपळ माणसाच्या एकट्याच्या वेळेपेक्षा कमीच असला पाहिजे, ही एक कसोटी लावली तर अशी निम्मी उत्तरे समीकरण न वाचताच कळतात. म्हणून ती कसोटी लावायची नाही. (आपल्या भिंतीला मात्र ती तशीच्या तशी लागत नाही, कारण दुसरा गवंडी उशिरा आला. लावलीच तर चुकलेले पाच तिच्यातून निसटतात आणि बरोबर असलेले सहा अडकतात.)

९. गुण देताना डोळे मिटा.

तीन गुणांचे उदाहरण. समीकरणाला एक, सोडवणुकीला एक, उत्तराला एक, अशी वाटणी धरू. समीकरण चुकले, सोडवणूक निर्दोष, उत्तर चुकले, तर हिशेबाने एक गुण निघतो. पण पोरगा मधल्या सुट्टीत येईल, वही पुढे करील आणि म्हणेल, "सर, ताळा जुळतोय ना?" त्या वेळी तुमच्याकडे दाखवायला एकही चुकलेली पायरी नसेल. तेव्हा अर्धा वाढवा. तो तरीही हलणार नाही. आणखी अर्धा वाढवा. दोन गुण झाले की तो समाधानाने जाईल आणि पुढच्या परीक्षेत तेच समीकरण मांडेल. दोघेही सुखी.

उलटी बाजूही सांभाळा. गठ्ठ्यात एखादी मुलगी असेल जिने समीकरण बरोबर मांडले, ३x + १२ = २(x + १२), आणि पुढे २४ मधून १२ वजा करताना १४ लिहिले. तिचा मुलगा १४ वर्षांचा, वडील ४२. तिला फुल्या मारा, कारण तिची चूक दिसते. वाक्य समजणे हे काम तिने केले होते, पण ते कागदावर दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीला गुण देण्याइतके आपण उधळे नाही.

१०. गोष्टीचा ताळाही फसतो, याने धीर धरा.

एवढे पथ्य सांभाळूनही कधी तुम्ही आईच्या मार्गाला लागलातच, तर त्या मार्गालाही खड्डे आहेत हे लक्षात असू द्या. पोराने प्रश्नच चुकीचा वाचला असेल, ‘तीन दिवसांनी आला’ हे ‘तीन दिवसांनी गेला’ असे, आणि गोष्टीचा ताळा तो आठवणीतल्या गोष्टीशी घेत असेल, तर तोही जुळेल. मूळ वाक्यावर बोट ठेवून, समीकरण हाताने झाकून वाचले तरच त्या ताळ्याला अर्थ. आणि कधी चुकीच्या समीकरणातून नशिबाने बरोबर उत्तर आले, तर गोष्ट चालते आणि समीकरण तरीही चुकलेलेच राहते. त्या वेळी दोन्ही बाजू वाचाव्या लागतात. साठ उत्तरपत्रिकांत एवढा वेळ कुणाला आहे?

चला, रात्र बरीच झाली. वर्तुळे काढून झाली असतील तर गठ्ठा बांधा. एकच विनंती. पंचविसाव्या उत्तरपत्रिकेत वडील ७२ वर्षांचे झालेले सापडले, तर तेवढे एकदा प्रश्न बाहेर काढून त्यांना विचारा, मधली बारा वर्षे कुठे होतात. आणि सहाव्या दिवशी दोन्ही गवंड्यांना पुन्हा बोलवा. भिंत अजून पाव बाकी आहे.